स्पर्धा घरच्या जुन्या बाटलीशी आहे

*ताई, मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून कॉलेजला अपडाऊन करते. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गात स्पर्धा आहे. पुन्हा पुन्हा वापरायची स्टीलची पाण्याची बाटली बाजारात आणायची मोहीम दहा मिनिटांत मांडायची. सरांनी ठरवून दिलंय : बाटली ७५० मिलीची, पाणी थंड ठेवणारी, किंमत ४९९ रुपये, कंपनीला एका बाटलीमागे १५० रुपये सुटतात, मोहिमेला ६०,००० रुपये आणि ६० दिवस. मी प्लास्टिकच्या प्रदूषणापासून सुरुवात केली. वाचायला चौदा मिनिटं लागतात आणि मैत्रिणीलाच ऐकताना कंटाळा आला. परीक्षकांमध्ये एक दुकानदारही आहेत. काय ठेवू, काय काढू?*

*– बी.कॉम.ची विद्यार्थिनी, जि. यवतमाळ*

प्रदूषणाचा भाग काढून टाक. तो विषय खोटा नाही, पण तुझ्या गिऱ्हाइकाला तो लागू होत नाही. तुझ्याबरोबर सकाळच्या एसटीत चढणाऱ्या मुलींच्या पिशव्या आठव. त्यात विकतची पाण्याची बाटली किती जणींकडे असते? बहुतेकींकडे कोल्ड्रिंकची जुनी बाटली असते, घरच्या माठातून भरून आणलेली. ती फुकट आहे आणि वर्षभर पुन्हा पुन्हाच वापरली जाते. म्हणजे पुनर्वापर त्या आधीपासून करताहेत. त्यांना जाऊन 'प्लास्टिक फेकू नका' म्हटलं तर त्या म्हणतील, आम्ही कुठं फेकतो?

तुझ्या ४९९ रुपयांच्या बाटलीची खरी स्पर्धा या फुकटच्या बाटलीशी आहे. हे एकदा मनात बसलं की अर्धी स्क्रिप्ट आपोआप बदलते. '२० रुपयांची बाटली रोज घेण्यापेक्षा ही घ्या, पैसे वाचतील' हा मुद्दासुद्धा मग फार थोड्यांपुरता उरतो. आठवड्याला ३ बाटल्या विकत घेणाऱ्याचे ४९९ रुपये साधारण सव्वाआठ आठवड्यांत वसूल होतात, हे खरं. पण जी मुलगी पाणी विकत घेतच नाही, तिची एका रुपयाचीही बचत होत नाही. तिला तू बचत विकू नकोस, थंड पाणी वीक. जुन्या बाटलीत नेमकं तेवढंच नाही.

लिहायला बसण्याआधी एक काम कर. वर्गातल्या आणि एसटीतल्या चाळीस जणांना विचार, "काल दुपारी एक वाजता तू कुठलं पाणी प्यायलीस आणि ते कसं होतं?" 'अशी बाटली घेशील का' असं विचारायचं नाही. त्याला सगळे तोंडावर हो म्हणतात आणि त्या हो-चा काही उपयोग नसतो. काल काय झालं ते मात्र माणूस खरं सांगतो. चाळीस उत्तरं वहीत लिही आणि मोज : घरचं किती, विकतचं किती, कॉलेजच्या टाकीचं किती, आणि प्यायलंच नाही अशी किती. हा तुझा स्वतःचा आकडा. इंटरनेटवरून उचललेल्या कोट्यवधी बाटल्यांच्या आकड्यापेक्षा दुकानदार परीक्षक याच्याकडे जास्त कान देतील.

त्यातली 'प्यायलंच नाही' ही उत्तरं जपून वाच. तुला माहीतच आहे, स्टँडवरच्या संडासाला जावं लागू नये म्हणून कितीतरी मुली दुपारपर्यंत पाणीच टाळतात. त्यांच्यासाठी पाणी गरम होतं ही अडचणच नाही, आणि बाटलीने ती सुटणारही नाही. म्हणून स्क्रिप्टमध्ये 'रोज इतके लिटर पाणी प्या' असं कुठंही लिहू नकोस. एखाद्या परीक्षकाने हे विचारलं तर सरळ सांग, की या मुली आमच्या विक्रीच्या अंदाजात धरलेल्या नाहीत.

आता सुरुवात. तू स्वतःच अपडाऊन करतेस, तेव्हा दुसऱ्या कुणाची गोष्ट रचू नको. पहिली दीड-दोन मिनिटं अशी घे, वेळा आणि आकडे तुझे घाल :

"मी सकाळी सव्वासहाला माठातून बाटली भरते. साडेसहाची एसटी. पहिल्या तासाला पाणी गार असतं, तिसऱ्या तासाला कोमट. साडेबाराला मी स्टँडवर उभी असते आणि माझी गाडी असते दीडची. तेव्हा बाटलीतलं पाणी हात धुवायच्या कामाचं असतं. आम्ही चाळीस जणांना विचारलं, काल दुपारी एकला कुठलं पाणी प्यायलात? इतक्या जणांकडे घरचंच पाणी होतं, आणि त्यातल्या इतक्यांनी ते गरम झालं म्हणून ओतून दिलं. या मुलांना पाणी विकत घ्यायचं नाही. त्यांना घरचंच पाणी हवंय, फक्त थंड. आमची मोहीम एवढ्या एका गोष्टीची आहे. आमचं वाक्य : घरचं पानी, संध्याकाळलोक थंड."

घोषवाक्य वऱ्हाडीतच ठेव. ते चहाच्या टपरीवर कुणीतरी मोठ्याने म्हणू शकलं पाहिजे, आणि 'पर्यंत'ऐवजी 'लोक' ऐकलं की ही बाटली आपल्याकडची आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. मात्र 'संध्याकाळलोक' हे वचन आहे. ते देण्याआधी तपास. कुणाकडून तरी तशी बाटली एका दिवसासाठी मागून आण. सकाळी सातला माठाचं पाणी तिच्यात भर, जुन्या प्लास्टिकच्या बाटलीत भर, आणि घरात एकेरी पत्र्याची साधी स्टीलची बाटली असेल तर तिच्यातही भर. तिन्ही व्हरांड्यात सावलीत ठेव. शाळेच्या किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेतून थर्मामीटर मागून घे आणि सात, दहा, एक आणि पाच वाजता मोजून लिही. मोजण्यापुरतंच झाकण उघड, कारण झाकण जितक्या वेळा उघडेल तितकी आतली थंडी जाते. खोक्यावर लिहिलेले 'इतके तास थंड' बाटली गच्च भरलेली आणि झाकण बंद असताना मोजलेले असतात. घोटघोट पिणाऱ्या मुलीच्या पिशवीत तेवढे तास मिळत नाहीत. तुझ्या मोजणीत पाच वाजता पाणी कोमट निघालं, तर वाक्य बदलून 'दुपारलोक' कर. छोटं वचन खरं ठरलेलं बरं.

दुसरा भाग प्रयोगाचा, आणि त्याला शब्द थोडेच लागतात. दहा मिनिटांत थंड पाणी थंड राहतं हे दाखवून काहीच सिद्ध होत नाही, तेवढा वेळ कुठल्याही बाटलीत ते थंड राहील. म्हणून उलटं कर. थर्मासमध्ये गरम पाणी घेऊन जा, उकळतं नको, चहापेक्षा जरा कमी गरम. एकेरी पत्र्याच्या बाटलीत आणि या बाटलीत ते सगळ्यांसमोर ओत, झाकणं घट्ट लाव आणि परीक्षकांच्या हातात दे. साधी बाटली लगेच चटका द्यायला लागते, ही बाहेरून हाताला तशीच लागते.

"सर, दोन्हींत एकच पाणी आहे. या बाटलीला दोन भिंती आहेत आणि मधली हवा काढून घेतलेली आहे. मध्ये हवाच नाही, त्यामुळे उष्णतेला पलीकडे जायला वाट फार थोडी मिळते. आतली गरमी बाहेर येत नाही, तशी आपल्या उन्हाळ्याची गरमी आत जात नाही. जी थोडी जाते ती तोंडाकडून, झाकणातून."

प्रयोगाच्या आदल्या दिवशी मागून आणलेली बाटली घरी तपासून घे. गरम पाणी भरून पाच मिनिटांनी बाहेरून हात फिरव. अंग गरम लागलं तर तिच्या भिंतींमधली पोकळी गेलेली आहे. बाटली पडून खोल पोचा पडला की बऱ्याचदा असं होतं, आणि दिसायला ती धडधाकटच दिसते. अशी बाटली घेऊन उभी राहिलीस तर पुढची सात मिनिटं सावरता येणार नाहीत. झाकणाजवळची थोडी जागा मात्र चांगल्या बाटलीचीही थोडी गरम लागते, तिथे घाबरू नको.

आता मोहीम. तुझ्या चौदा मिनिटांत इन्स्टाग्राम, फ्लेक्स, टी-शर्ट, पथनाट्य, प्रभातफेरी असं सगळं असणार, अशी मला दाट शंका आहे. ६०,००० रुपयांत हे सगळं थोडं थोडं होतं आणि कशाचाच परिणाम दिसत नाही. मी तुझ्या जागी असते तर एकाच गोष्टीवर मोहीम उभी केली असती : पाणी भरून देण्याची जागा. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणपोई लागते, तिचं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तिथेच थंड पाण्याच्या कॅन ठेवायच्या आणि कुणाचीही बाटली फुकट भरून द्यायची. जुनी प्लास्टिकचीसुद्धा. कारण आपल्याला भेटायची आहे ती जुनी बाटलीवालीच. ती बाटली भरायला थांबते, तेवढ्यात तिला गरम पाण्याचा तोच प्रयोग हातात देऊन दाखवायचा. आणि आज भरलेलं थंड पाणी तिच्या बाटलीत घरी पोचेपर्यंत कोमट होतं, हे तिला आपण सांगायचीही गरज नाही.

हिशोब बघ, कारण दुकानदार इथेच अडवतील. एका जागी रोज २० लिटरच्या ३ कॅन, म्हणजे ६० लिटर, म्हणजे ८० बाटल्या भरतात. एका वेळी ४ जागा चालवायच्या. कॅन ३० रुपयांना धर (तुमच्याकडचा भाव विचारून घे). ४ जागा, ३ कॅन, ६० दिवस, म्हणजे २१,६०० रुपये. नफा-तोट्याची रेघ आधी काढ : ६०,००० भागिले १५०, म्हणजे ४०० बाटल्या विकल्या तर मोहिमेचा खर्च निघतो. तू ४८० चं लक्ष्य ठेव. ४८० बाटल्या, ६० दिवस, ४ जागा, म्हणजे एका जागी दिवसाला २. ऐंशी जणांनी बाटली भरली, त्यातल्या दोघांनी नवी घेतली. ऐकायला हे अगदी जमण्यासारखं वाटतं.

पण यात एक खड्डा आहे. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानापाशी रोज भरायला येणारे ८० जण रोज नवे नसतात. तीच तोंडं परत येतात. पहिल्या आठवड्यात ज्यांना घ्यायची त्यांनी घेतली की विक्री थांबते, आणि पाण्याचा खर्च मात्र चालूच राहतो. म्हणून दर १५ दिवसांनी चारही जागा हलवायच्या. ६० दिवसांत १६ जागा होतात आणि प्रत्येक जागेवर ३० बाटल्या विकायच्या असतात. दारव्हा, दिग्रस, नेर, पुसद इथली कॉलेजं, आयटीआय, स्टँडजवळच्या टपऱ्या अशी १६ नावं कागदावर खरोखर लिहून काढ. स्टँडच्या आवारात उभं राहायला आगाराची परवानगी लागते, तेव्हा रस्त्यापलीकडची टपरी धर.

हा भाग असा बोल :

"आम्ही जाहिरात कमी करणार आहोत आणि पाणी जास्त देणार आहोत. एका वेळी चार जागा, दर पंधरा दिवसांनी नव्या. बाटली कुठलीही आणा, थंड पाणी फुकट. पाण्याला २१,६०० रुपये. जागेवर उभं राहून विकणारे आमच्यासारखेच विद्यार्थी असतील. त्यांना एका बाटलीमागे ४० रुपये, ४८० बाटल्यांचे १९,२००. ज्या दुकानासमोर आम्ही उभे राहू त्या दुकानदाराला पंधरा दिवसांचे ५०० रुपये, सोळा जागांचे ८,०००. उरतात ११,२००. त्यात दाखवायच्या बाटल्या, पाटी आणि झाकणाची जास्तीची वायसरं. एका जागेवर पहिल्या पाच दिवसांत पाचपेक्षा कमी बाटल्या गेल्या, तर आम्ही पंधरा दिवस वाट बघणार नाही. ती जागा सहाव्या दिवशी बदलू."

शेवटची दोन वाक्यं अजिबात काढू नको. ठरवल्याप्रमाणे झालं नाही तर काय, याचं उत्तर त्यात आहे, आणि धंदा करणारा माणूस ते आधी शोधतो.

मोहीम कधी सुरू करायची हे तू लिहिलेलं नाहीस. बहुतेक जण 'शाळा-कॉलेज उघडताना' म्हणतील. आपल्याकडे ते चुकेल. जूनच्या शेवटी घरातला पैसा बियाण्यात आणि खतात गेलेला असतो, त्या महिन्यात ४९९ रुपये मागायला कुठली मुलगी बापासमोर उभी राहील? शिवाय पाऊस सुरू झालेला असतो, थंड पाण्याची ओढ संपलेली असते. १५ फेब्रुवारी ते १५ एप्रिल घे, बरोबर साठ दिवस होतात. कापूस बऱ्याच घरांतून विकून झालेला असतो, ऊन चढायला लागतं, आणि परीक्षांमुळे मुलं गावात येत-जात असतात. स्क्रिप्टमध्ये याला दोन वाक्यं पुरतात : "जूनच्या शेवटी घरात पैसा नसतो आणि ऊनही नसतं. फेब्रुवारी ते एप्रिल दोन्ही असतात, म्हणून आम्ही तेव्हा सुरू करतो."

दुकानदारांचे प्रश्न दोन येतील, असं मला वाटतं. पहिला, "४९९ एकदम कोण देईल?" त्याला हप्त्याचं उत्तर देऊ नको, उधारी वसूल कोण करणार हा पुढचा प्रश्न लगेच येतो. त्यापेक्षा सांग, की ८० मधले ७८ घेणार नाहीत हे धरूनच आम्ही हिशोब केलाय. दुसरा प्रश्न, "मोहीम संपल्यावर वायसर खराब झालं तर?" हा फार खरा प्रश्न आहे. या बाटलीत आधी बिघडतं ते झाकणाचं रबरी वायसर. त्याच्या खाचेत घाण बसून वास येतो किंवा बाटली पिशवीत गळायला लागते, आणि दोन रुपयांच्या रबरासाठी बाटली कोपऱ्यात पडते. म्हणून सोळाही दुकानांत जास्तीची वायसरं ठेवून जाणार असं सांग, आणि विकताना प्रत्येकीला ते काढून धुवायचं कसं ते दाखवणार असंही सांग. ताक-दूध यात भरू नका, हेही तिथेच सांगायचं.

आता वेळेचं. घरी मनात वाचलेलं आणि माणसांसमोर बोललेलं यात पुष्कळ फरक पडतो. स्क्रिप्टचं एक पान उभं राहून, मोठ्याने, मोबाईलवर वेळ लावून वाच आणि तुझ्या एका मिनिटात किती शब्द बसतात ते मोज. मी धरते ते मिनिटाला शंभर-एकशेदहा. दहा मिनिटांसाठी लिहायचे मात्र साडेआठ मिनिटांचे, म्हणजे नऊशेच्या आसपास. उरलेलं दीड मिनिट पाणी ओतण्यात, बाटल्या हातोहात फिरण्यात जातं. तुझा दिवस दोन मिनिटं, प्रयोग दोन, मोहीम आणि तारखा तीन, पैसे दीड, शेवट दीड. वेळ कमी पडायला लागली तर मोहिमेतली जागांची नावं गाळ, पैशांचा भाग गाळू नको.

आणि शेवटासाठी त्या दिवशी सकाळीच तयारी कर. बाटलीत बर्फ आणि पाणी भर, झाकणावर कागदी चिकटपट्टी लाव आणि कॉलेजला पोचल्याबरोबर सरांकडून तिच्यावर वेळ आणि सही घे. दुसऱ्या एका साध्या बाटलीतही तेवढाच बर्फ भरून तिच्यावरही तसंच कर. तुझी पाळी दुपारी येईल तेव्हा दोन्ही टेबलावर ठेव, पण त्यांच्याबद्दल काही बोलू नकोस. पैशांचा भाग संपला की दुकानदारांकडे जा आणि म्हण, "सर, सकाळी आठची सही आहे. दोन्ही उघडून बघा." मग हलवून बर्फाचा आवाज येतो का ते त्यांनाच ऐकू दे. आठवडाभर आधी घरी एकदा करून बघ, किती बर्फ घातला की दुपारी उरतो ते. नाही उरला तर हा शेवट सोड आणि तुझ्या चार वेळांच्या तापमानाचा कागद भिंतीवर लाव.